हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी

लॅबमधून मोबाइलवर आलेला सीबीसीचा रिपोर्ट उघडला की नजर आधी जाड ठशातल्या आकड्यांवर जाते. आकड्याशेजारी 'एच' असेल तर वाढलेलं आणि 'एल' असेल तर कमी, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मग हिमोग्लोबिन तेवढं पाहिलं जातं, ते कमी असेल तर बीट, डाळिंब, खजूर सुरू होतं आणि बाकीचा कागद न वाचताच फाइलमध्ये जातो. रक्त कमी का झालं याचा माग मात्र हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळींतच असतो.

नमुन्यादाखल ३४ वर्षांच्या एका बाईंचा रिपोर्ट घेऊ. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, दिवसभर थकवा असतो, म्हणून डॉक्टरांनी तपासणी सांगितली. हिमोग्लोबिन ९.४ आलं. शेजारच्या रकान्यात १२ ते १५ असं छापलेलं आहे. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किमान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन अपेक्षित होतं, ते ९.४ ग्रॅमच भरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली आणि गर्भवतीचं ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. गर्भारपणात रक्तातलं पाणी वाढतं आणि रक्त थोडं पातळ होतं, म्हणून तिथली रेघ खाली आहे.

आता त्याखालच्या ओळी. आरबीसी काउंट, म्हणजे लाल पेशींची संख्या, मायक्रोलिटरमागे ४३ लाख. ही ठीक आहे. एमसीव्ही ७०. एक लाल पेशी सरासरी केवढी आहे, ते हा आकडा सांगतो. साधारण ८० ते १०० असायला हवा. एमसीएच २१.९. एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे त्याचं हे माप, ते २७ च्या पुढे असायला हवं. थोडक्यात, पेशी आहेत पुरेशा, पण लहान आणि फिकट. चौथी ओळ आरडीडब्ल्यूची: १८.२ टक्के. सगळ्या पेशी साधारण एकाच मापाच्या असतील तर हा आकडा १४-१५ पर्यंत राहतो. वाढला, तर लहानमोठ्या पेशींची सरमिसळ झाली आहे असं समजायचं.

शरीरातला लोहाचा साठा हळूहळू आटत जातो, तेव्हा असंच दिसतं. पूर्वी तयार झालेल्या पेशी बऱ्या मापाच्या, नंतरच्या लहान, आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने जुन्या-नव्या सगळ्या एकाच वेळी रक्तात फिरत असतात.

पण लहान पेशी म्हणजे लोहाची कमतरताच, असं धरून चालत नाही. दुसरा एक रिपोर्ट शेजारी ठेवू: हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही ६३, लाल पेशी ५६ लाख, आरडीडब्ल्यू १४.५. इथे पेशी आणखी लहान आहेत, पण संख्येने जास्त आणि सगळ्या सारख्याच लहान. हे चित्र थॅलेसेमिया मायनरचं असू शकतं. हा आजार म्हणून जाणवत नाही. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला तो एक जनुकीय वारसा असतो. डॉक्टर इथे एक सोपा भागाकार करतात. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षातल्या संख्येने भागायचं. पहिल्या रिपोर्टमध्ये ७० भागिले ४.३, उत्तर १६ च्या आसपास. दुसऱ्यात ६३ भागिले ५.६, उत्तर ११ च्या जवळ. उत्तर १३ च्या वर गेलं तर लोह कमी असल्याचा संशय, खाली आलं तर थॅलेसेमियाचा. हा अंदाजच आहे. खात्री पहिल्या बाबतीत फेरिटिनच्या आणि दुसऱ्या बाबतीत हिमोग्लोबिन ए-टू मोजणाऱ्या तपासणीने होते.

हा फरक कळणं फार गरजेचं आहे. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाला लोह कमी नसताना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या, तरी त्याचं हिमोग्लोबिन वाढत नाही. शिवाय नवरा-बायको दोघंही असे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिंधी समाजात या वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण इतरांमध्ये ते नाहीत असं नाही.

पहिल्या बाईंचं फेरिटिन ६ आलं. फेरिटिन हा लोहाचा साठा. तो १५ च्या खाली गेला की कोठार रिकामं झालं असं धरतात. ताप किंवा सूज असताना फेरिटिन उगाच वाढतं, त्यामुळे आजारपणात ते नॉर्मल आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं म्हणता येत नाही. आता हे लोह गेलं कुठे? या बाईंच्या बाबतीत पाळीत जास्त रक्तस्राव होत होता. पण असाच रिपोर्ट पुरुषाचा किंवा पाळी थांबलेल्या बाईचा असेल, तर पोटातून कुठे रक्त जातंय का, हे शोधावंच लागतं. तिथे नुसत्या गोळ्या घेऊन वेळ काढणं धोक्याचं आहे.

याच कागदावर आणखी दोन आकडे जाड ठशात होते आणि घरच्यांची झोप त्यांनीच उडवली होती. एक प्लेटलेट, ४ लाख ६० हजार, जास्त. लोह कमी असताना प्लेटलेट वाढलेल्या दिसतात, उपचारांनंतर उतरतात. दुसरा इओसिनोफिल, ७ टक्के. मर्यादा ६ ची. पण ही टक्केवारी आहे. एकूण पांढऱ्या पेशी ६,४०० होत्या. त्यांचे ७ टक्के म्हणजे ४४८. प्रत्यक्ष संख्या ५०० पर्यंत चालते, म्हणजे इथे काळजीचं काही नव्हतं.

अशा किरकोळ फरकांचं मूळ त्या मर्यादेच्या रकान्यातच आहे. निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करतात, सगळ्यात वरचे अडीच टक्के आणि सगळ्यात खालचे अडीच टक्के आकडे बाजूला काढतात आणि मधल्या ९५ टक्क्यांची पट्टी छापतात. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही विसातला एक जण कुठल्याही एका तपासणीत पट्टीबाहेर पडणारच. हेल्थ पॅकेजमध्ये चाळीस-पन्नास तपासण्या असतात, मग दोन-तीन ठिकाणी जाड ठसा दिसला तर नवल नाही. ही पट्टी लॅबगणिक थोडी बदलते, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या पट्टीवर मोजू नये. आपल्याच जुन्या रिपोर्टशी तुलना जास्त उपयोगी. बाईंचं हिमोग्लोबिन दोन वर्षांपूर्वी १२.६ होतं, ही गोष्ट डॉक्टरांना त्या रकान्यापेक्षा जास्त कामाची वाटली.

उलटही होतं. एकाच वेळी लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असेल, तर लोहाअभावी पेशी लहान होतात, बी-१२ अभावी मोठ्या, आणि सरासरी काढल्यावर एमसीव्ही नॉर्मल दिसतो. शाकाहारी घरांत हे आढळतं. तिथे वाढलेला आरडीडब्ल्यू तेवढा इशारा देतो.

बाईंना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या, असं सांगितलं गेलं. महिन्याने पुन्हा सीबीसी केली. हिमोग्लोबिन ११.३, एमसीव्ही ७७, प्लेटलेट पट्टीत. आरडीडब्ल्यू मात्र १८ वरून २२ वर गेला होता आणि शेजारी पुन्हा 'एच' होतं. नव्याने तयार झालेल्या चांगल्या मापाच्या पेशी जुन्या लहान पेशींत मिसळल्यामुळे तो वाढला होता. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या नाहीत. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही साठा भरण्यासाठी त्या पुढे तीन महिने घ्यायला सांगितल्या.