उन्हाबरोबर वेग घेणारा पंखा

जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात 1980च्या दशकात विकसित झालेला बोगद्याच्या आकाराचा सौर ड्रायर साधारण 18 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद असतो. त्याच्या अर्ध्या भागात हवा तापते, उरलेल्या भागात माल पसरलेला असतो, आणि एका टोकाला सुमारे 40 वॅटच्या पॅनेलवर चालणारे छोटे पंखे हवा आत ढकलतात. त्यात बॅटरी नाही, इन्व्हर्टर नाही. तापमान सांभाळणारे वेगळे यंत्रही लागत नाही, कारण ते काम ऊनच करते. ऊन तापले की पंखा जोरात फिरतो आणि जादा उष्णता बाहेर जाते. ढग आला की तो मंदावतो, त्यामुळे आतली ऊब टिकते. टोमॅटोच्या चकत्यांना याचा मोठा फायदा होतो. हवा फार तापली, तर चकत्यांची साल आधी कडक होते आणि ओल आतच अडकते.

घरच्या छोट्या ड्रायरसाठी हीच युक्ती करताना गल्लत होते ती व्होल्टची. बाजारात ज्याला ‘12 व्होल्टचे पॅनेल’ म्हणतात, ते बॅटरी चार्ज करण्यासाठी बनवलेले असते. भर उन्हात ते 17-18 व्होल्ट देते, आणि भार नसेल तर 21च्या वर जाते. त्यावर संगणकातला 12 व्होल्टचा पंखा थेट जोडला, तर तो सुसाट फिरतो, तापतो आणि लवकर जळतो.

त्यापेक्षा 24 व्होल्टचा पंखा घ्यावा. समजा, तो 6 वॅटचा, म्हणजे पूर्ण दाबावर पाव अँपिअर घेणारा आहे. 17 व्होल्टवर तो साधारण 70 टक्के वेगाने फिरेल आणि त्याला 0.18 अँपिअरच्या आसपास करंट पुरेल. 10 वॅटचे पॅनेल भर उन्हात 0.57 अँपिअर देऊ शकते, त्यामुळे ऊन एक तृतीयांशावर आले तरी पंखा थांबत नाही. मात्र असा पंखा 12 व्होल्टच्या आसपास सुरू होतो ना, हे विकत घेण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकात पाहावे.

पॅनेल पंख्याच्या मानाने लहान पडले, तर ते सकाळी लगेच कळते. पाती जरा हलतात, थांबतात, पुन्हा हलतात. पंख्यातले इलेक्ट्रॉनिक सर्किट सुरू होताना करंट ओढते, तेवढ्याने पॅनेलचा दाब कोसळतो आणि सर्किट बंद पडते. पॅनेलच्या कोपऱ्यावर फांदीची सावली पडली, तरी असेच होऊ शकते.

हवा खरोखर मालावरून जाते का, हे पाहायला पेटवलेली उदबत्ती पुरते. ती आत येणाऱ्या हवेच्या तोंडाशी धरायची. धूर ट्रेच्या कडेने निसटत असेल, तर तिथली फट बुजवावी.

सूर्य मावळला की पंखा थांबतो, आणि रात्रीच्या दमट हवेतली ओल अर्धवट वाळलेला माल पुन्हा शोषतो. म्हणून संध्याकाळी दोन्ही झडपा बंद कराव्या लागतात.