सहा महिन्यांनी झोपणारं जनुक

चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल हा शब्द आता दवाखान्यापुरता राहिलेला नाही. ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ ही भाषा गावातली आशाताईही बोलते. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. आईवडील दोघंही एएस असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस निघण्याची शक्यता चारात एक. असं मूल जन्मतं तेव्हा मात्र त्याच्याकडे पाहून काहीच कळत नाही. ते दूध पितं, हसतं, बाळसं धरतं. पाच-सहा महिने उलटतात आणि एक दिवस त्याची हातापायाची बोटं सुजतात. कोणाला हात लावू देत नाही, रात्रभर रडतं. मग रक्त तपासलं जातं आणि उत्तर मिळतं.

आजार तर गर्भातच ठरलेला होता. मग हे सुखाचे सहा महिने कुठून आले?

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञांना १९४८ साली हाच प्रश्न पडला होता. सिकलसेलच्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी फारच कमी दिसत होत्या. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं, तेच त्याला वाचवत असावं, असा तर्क त्यांनी मांडला. तो बरोबर निघाला.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो: दोन अल्फा आणि दोन दुसऱ्या कुठल्यातरी. मोठ्या माणसात या दुसऱ्या दोन ‘बीटा’ असतात आणि सिकलसेलचा दोष नेमका बीटाच्या जनुकात आहे, तोही एका अक्षराचा. गर्भात बीटाऐवजी ‘गॅमा’ साखळ्या वापरल्या जातात. गॅमाच्या जनुकात कसलाही दोष नसतो आणि गॅमा असलेलं हिमोग्लोबिन दोषी हिमोग्लोबिनला एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवू देत नाही. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन या गर्भावस्थेतल्या प्रकारचं असतं. पुढच्या काही महिन्यांत ते घटत जातं आणि मोठेपणी बहुतेकांत एक टक्काही उरत नाही. त्याची जागा बीटा घेतो. निरोगी बाळात या बदलाने काहीच बिघडत नाही, एसएस बाळात मात्र इथूनच दुखणं सुरू होतं.

गंमत अशी की गॅमाचं जनुक कुठे जात नाही. अकराव्या गुणसूत्रावर बीटाच्या शेजारीच, एकापुढे एक अशी गॅमाची दोन जनुकं असतात आणि ती ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या पेशीतही जशीच्या तशी, धडधाकट असतात. फक्त ती वाचली जात नाहीत. अक्षर न बदलता वाचन थांबवण्याची ही जी तऱ्हा, तिला एपिजेनेटिक नियंत्रण म्हणतात आणि तिची दोन मुख्य हत्यारं गॅमाच्या गोष्टीत एकत्र भेटतात.

पहिलं हत्यार म्हणजे मिथिलीकरण. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ म्हणजे सायटोसिन. त्याच्यापुढे ‘जी’ आलं असेल, तर त्या ‘सी’वर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा छोटासा गट चिकटवता येतो. बाळाच्या गालाला तीट लावावी तसं. चेहरा तोच राहतो, पण पाहणाऱ्याला ठिपका दिसतो. जनुकाच्या सुरुवातीला, जिथून वाचन सुरू व्हायचं त्या भागात, असे ठिपके पडले की ते जनुक सहसा गप्प होतं. गर्भाच्या यकृतात रक्तपेशी तयार होत असताना गॅमाच्या सुरुवातीचा भाग कोरा असतो, मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत तोच भाग ठिपक्यांनी भरलेला असतो. १९८० च्या सुमारासच हे लक्षात आलं होतं.

पेशी दुभंगली की हे ठिपके पुसले जायला हवेत, कारण डीएनएचा नवा धागा कोराच विणला जातो. पण डीएनएमटी-१ नावाचं एक विकर नव्या धाग्यामागून फिरतं, जुन्या धाग्यावर जिथे ठिपका दिसेल तिथे समोरच्या नव्या धाग्यावरही लावतं. म्हणून एकदा गप्प बसवलेलं जनुक पेशींच्या पुढच्या पिढ्यांतही गप्पच राहतं.

हे ठिपके डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकातूनही नाही. ते ओळखायची युक्ती मात्र सुंदर आहे. डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया केली की साध्या ‘सी’चं रूप पालटतं आणि पुढे क्रम वाचताना तो ‘टी’ म्हणून वाचला जातो. तीट लावलेला ‘सी’ मात्र ‘सी’च राहतो. प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा क्रम शेजारी ठेवला की कुठे ठिपका होता ते अक्षराअक्षराने कळतं.

दुसरं हत्यार डीएनएवर नसून तो ज्यावर गुंडाळलेला असतो त्या रिळांवर चालतं. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो मावतो, कारण हिस्टोन प्रथिनांच्या रिळांना तो वेढे घेतो, एका रिळाला जेमतेम पावणेदोन. प्रत्येक रिळातून प्रथिनांची शेपटं बाहेर लोंबत असतात. शेपटांवर धन विद्युतभार, डीएनएवर ऋण, म्हणून दोघं एकमेकांना घट्ट धरून असतात. शेपटावर ॲसिटिल गट चिकटवला की त्या जागेचा धनभार नाहीसा होतो, पकड सैल पडते आणि वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरायला वाट मिळते. हा गटच पुढे खूण म्हणून काम करतो, जनुक वाचायला मदत करणारी काही प्रथिनं त्याला ओळखून येऊन बसतात. गट काढून टाकणारी विकरंही आहेत. ती आली की रीळ पुन्हा आवळलं जातं.

बरीच वर्षं ही दोन हत्यारं वेगवेगळी समजली जात. १९९८ मध्ये त्यांचा दुवा सापडला. डीएनएवरच्या ठिपक्याला येऊन चिकटणारी काही प्रथिनं आपल्यासोबत ॲसिटिल काढणारी विकरं घेऊन येतात. म्हणजे ठिपका स्वतः दार लावत नाही, तो दार लावणाऱ्याला बोलावतो.

हे कळलं की औषधाची कल्पना आपोआप सुचते: ठिपके पुसले तर गॅमा जागं होईल का? १९८२ मध्ये रक्तक्षय असलेल्या बबून माकडांना अझासायटिडिन दिलं गेलं. हे सायटोसिनसारखंच दिसणारं रसायन, फक्त जिथे तीट लागते त्या जागी कार्बनऐवजी नायट्रोजन. डीएनएमटी-१ तिथे पोचतं आणि चिकटून अडकतं, त्यामुळे पुढच्या पेशी कोऱ्या निघतात. बबूनांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भराभर वाढलं. त्याच वर्षी बीटा थॅलेसेमियाच्या एका गंभीर रुग्णाला सात दिवस हे औषध दिलं गेलं. गॅमाची निर्मिती सुमारे सातपट झाली आणि अस्थिमज्जेतल्या पेशींत गॅमाजवळचे ठिपके खरोखर कमी झाले होते.

सिद्धांत सिद्ध झाला असं वाटत होतं, तोच हायड्रॉक्सियुरिया आडवं आलं. या औषधाचा मिथिलीकरणाशी थेट संबंध नाही, तरीही गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन त्यानेही वाढलं. दोन्ही औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. मग कदाचित ठिपक्यांचा काही हातच नसेल, अस्थिमज्जेला बसलेल्या धक्क्याचाच हा परिणाम असेल, अशी शंका घेतली गेली, आणि ती रास्त होती. अझासायटिडिनने पुढे कर्करोग होण्याची भीतीही होती. साधी गोळी असलेलं हायड्रॉक्सियुरिया पुढे गेलं. १९९५ च्या मोठ्या चाचणीत वेदनेच्या झटक्यांचं प्रमाण त्याने जवळपास निम्म्यावर आणलं. विदर्भातल्या रुग्णांना आजही प्रामुख्याने तेच दिलं जातं.

ॲसिटिलच्या बाजूनेही प्रयत्न झाले, त्याचा धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. मधुमेही मातांच्या बाळांत गॅमाकडून बीटाकडे जाणारा बदल उशिरा होतो, असं १९८० च्या दशकात सुझन पेरिन यांच्या लक्षात आलं. त्या बाळांच्या रक्तात ब्युटिरिक आम्लाच्या जातकुळीतलं एक द्रव्य वाढलेलं होतं. ब्युटिरिक आम्ल म्हणजे खवट लोण्याच्या वासामागचं आम्ल, आणि ॲसिटिल काढणाऱ्या विकरांना ते रोखतं हे प्रयोगशाळेत आधीच माहीत झालेलं होतं. १९९३ मध्ये ते शिरेतून देऊन पाहिलं, गॅमा वाढलंही. पण रोज देत राहिलं की काहींत परिणाम ओसरायचा, थांबून थांबून दिलं की टिकायचा. शिवाय तासन्‌तास सलाइन लावून घ्यायचं. घरोघरी चालेल असं हे औषध नव्हतं.

दोन्ही प्रकारच्या औषधांची खरी अडचण तीच आहे: नेम धरता येत नाही. माणसाच्या जनुकसंचात असे ‘सी’ कोट्यवधी आहेत. गॅमाचा एक कोपरा कोरा करायला जावं तर इतर हजारो जागी पुसापुशी होते, त्यात गप्पच राहिलेलं बरं असंही एखादं जनुक असतं.

निसर्गाने मात्र काही माणसांत नेमकेपणा साधलेला आहे. गॅमा गप्प करण्यात बीसीएल-११-ए या प्रथिनाचा मोठा वाटा आहे, हे २००८ मध्ये कळलं. ते गॅमाच्या सुरुवातीला ठराविक अक्षरं ओळखून बसतं आणि ॲसिटिल काढणारा जथा सोबत आणतं. त्या अक्षरांत जन्मतः बदल असला, तर माणूस मोठा झाला तरी गॅमा बऱ्यापैकी चालू राहतं. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत साधारणपणे वेगळाच, पण गॅमाच्याच पुढ्यातला एक बदल आढळतो. त्यांच्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या अनेक रुग्णांपेक्षा जास्त, पुष्कळदा पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत असतं. यावरून ‘भारतातला सिकलसेल सौम्य’ असं म्हणायची पद्धत पडली. विदर्भात वेदनेने कळवळत वारंवार दाखल होणारी मुलं पाहिलेला डॉक्टर हे वाक्य इतक्या सहज उच्चारणार नाही. सगळ्या लाल पेशींत गॅमा सारखं वाटलं गेलेलं नसेल, तर सरासरी चांगली असूनही ज्या पेशींना ते मिळालं नाही त्या वाकड्या होतातच.

राहिला जुना वाद: ठिपके हे कारण की नुसती निशाणी? सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने २०२५ मध्ये त्याला थेट हात घातला. क्रिस्परची कात्री त्यांनी बोथट करून घेतली, म्हणजे ती डीएनए कापत नाही, फक्त नेमकी जागा शोधून तिथे बसते. तिच्यासोबत ठिपके पुसणारं विकर गॅमाच्या दारापर्यंत पाठवलं. पेशींना विषारी धक्का नाही, इतरत्र सरसकट पुसापुशी नाही. गॅमा जागं झालं, आणि ठिपके परत लावल्यावर पुन्हा झोपलं. हे सगळं अजून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घडलेलं आहे. माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत हे विकर पोचवायचं आणि पुसलेली जागा त्या पेशींच्या पुढच्या असंख्य पिढ्यांत कोरी राहते का ते पाहायचं, हे काम पुढचं.