नाकातून डोकेदुखीवर

सिझेरियनसाठी पाठीत सुई दिल्यावर काही बायकांचं डोकं असं धरतं की उठून बसलं की ठणका आणि आडवं झालं की आराम. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपत राहतं, त्याचा हा त्रास. गोळ्या, चहा-कॉफीनं भागलं नाही, तर काही भूलतज्ज्ञ नाकाची वाट धरतात.

बाळंतिणीला उताणं झोपवून लिडोकेनमध्ये भिजवलेली लांब कापसाची काडी नाकपुडीतून, टाळूला समांतर, मागे अडेपर्यंत हळूच सरकवतात आणि दहा-एक मिनिटं ठेवतात. मग दुसरी नाकपुडी. तिथल्या अस्तरामागे मज्जातंतूंची एक गाठ असते. काडी तिला लागत नाही, औषध झिरपून पोचावं लागतं. घशात कडू लागतं, घसा बधिर होतो, म्हणून तो उतरेपर्यंत खाणंपिणं बंद. कधी घोळणाही फुटतो.

पण डेन्मार्कमधल्या 40 रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी दिलं होतं. दुखणं दोन्हीकडे उतरलं, फरक ठोस नव्हता! शिवाय पाठीतलं छिद्र बुजत नाही. उठल्यावर पुन्हा ठणका लागला, तर स्वतःचंच रक्त पाठीत टोचून ते बुजवावं लागतं. ताप, झटके किंवा धूसर नजर असेल, तर काडी बाजूला ठेवून आधी दुसरी कारणं शोधायची.