दोन नोकऱ्या, एकच हिशेब

आमच्या थोरल्या मुलाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरी बदलली. आधी महिना १ लाख मिळत होते, आता १ लाख ३० हजार. दोन्हीकडे पगारातून आयकर कापला गेला नाही, म्हणून आम्ही सारे खूश होतो. वाचणारी रक्कम धाकटीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला पडत होती.

जानेवारीत आम्ही दोघे पगाराच्या पावत्या घेऊन बसलो, तेव्हा चूक दिसली. नव्या करपद्धतीत नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि त्यानंतर उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कर लागत नाही. पहिल्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले. दुसरीने फक्त आपल्याकडचे सहा महिन्यांचे ७ लाख ८० हजार धरले. दोघींनी वजावट आणि सूट वेगवेगळी दिली, म्हणून कर शून्य आला.

पण माणूस एक, वर्षही एकच. सहा लाख आणि ७ लाख ८० हजार मिळून १३ लाख ८० हजार होतात. वजावट एकदाच मिळते, म्हणून करपात्र उत्पन्न १३ लाख ५ हजार. ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्क्यांनी २० हजार, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार आणि उरलेल्या १ लाख ५ हजारांवर १५ टक्क्यांनी १५,७५० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर धरून एकूण ७८,७८० रुपये.

हे जुलैत विवरणपत्र भरताना कळले असते, तर कराबरोबर सुमारे ७,१०० रुपये व्याजही भरावे लागले असते. व्याजापासून दूर राहणाऱ्या घराला हा भुर्दंड अधिकच बोचला असता.

उपाय साधा होता. फॉर्म १२ बी भरून त्यात आधीच्या कंपनीचे नाव, तिचा टॅन क्रमांक, तिथला पगार आणि कापलेला कर लिहायचा आणि तो नव्या कंपनीच्या हिशेब विभागात द्यायचा. मुलाला वाटत होते की आधी जुन्या कंपनीचा फॉर्म १६ हवा. तो वर्ष संपल्यावर, जूनच्या मध्यापर्यंत मिळतो. तोवर उशीर होतो. पगाराच्या पावत्या आणि नोकरी सोडतानाचा अखेरचा हिशेब एवढ्यावर काम भागते.

कंपनीने जानेवारी ते मार्च दरमहा २६,२६० रुपये कापले. ऑक्टोबरातच सांगितले असते, तर सहा महिन्यांत १३,१३० रुपयांनी भागले असते. तीन महिने घरात ओढाताण झाली आणि फीसाठी ठेवलेल्यातून काही काढावे लागले. पण व्याज टळले.

जूनमध्ये फॉर्म १६ हाती आल्यावर एक खबरदारी घ्यायची आहे. नव्या कंपनीच्या फॉर्ममध्ये जुना पगार आधीच धरलेला असेल, तर तो दुसऱ्यांदा मिळवायचा नाही. आणि कापलेला कर फॉर्म २६ एएसमध्ये जमा दिसतो का, हे पाहूनच विवरणपत्र भरायचे.