कल्याण जवळ, मग भरूचला कशाला?

सहावीच्या वर्गासाठी प्राचीन व्यापारी मार्गांवर मी पहिली पीपीटी केली, तेव्हा तिच्यात बाविसेक स्लाइडी होत्या. नकाशावर तेरपासून रोमपर्यंत एक लालभडक बाण काढला होता. पुढे उंट, जहाजं, मसाल्यांच्या राशी. मुलं खूश झाली, मीही झाले. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तेरहून कल्याण जवळ आहे ना? मग माल भरूचला कशाला नेत होते?"

मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र सगळ्या स्लाइडी पुसल्या. आता मोजून तीन उरल्या आहेत: एक नकाशा, एक कालरेषा आणि एक मालाचा तक्ता. पाठ अजूनही त्या मुलीच्या प्रश्नापासूनच सुरू होतो.

या पाठाचा आधार एक छोटंसं पुस्तक आहे, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने ते लिहिलं. त्याचं नाव ठाऊक नाही. पुस्तक म्हणजे खलाशी-व्यापाऱ्याची टिपणवहीच: कुठलं बंदर कसं आहे, तिथे काय विकतं, काय मिळतं. बॅरिगाझा म्हणजे भरूचबद्दल लिहिताना तो सांगतो, की इथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. या दोन्ही गावांहून माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून भरूचला येतो.

आता नकाशाची स्लाइड. ती उघडते तेव्हा तिच्यावर नद्या, सह्याद्री, किनारा आणि कोपऱ्यात किलोमीटरची पट्टी एवढंच असतं. आजच्या राज्यांच्या सीमा मी मुद्दाम काढून टाकल्या. त्या असल्या की मुलांना भरूच परराज्यातलं आणि कल्याण आपलं वाटतं, आणि प्रश्न भलतीकडेच जातो. आधी भरूच आणि पैठण ही दोनच टिंबं उमटतात. मुलं पट्टी लावून मोजतात. सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतात. त्याला वीसने भागलं की दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर येतात. वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हा आकडा लगेच पटतो, कारण भरलेली बैलगाडी दिवसभरात किती जाते हे त्यांनी घरी ऐकलेलं असतं.

मग तगर शोधायचं. आज आपण बिनदिक्कत तेर म्हणतो, पण एके काळी तगर म्हणजे दौलताबाद, जुन्नर, कोल्हापूर अशी वेगवेगळी नावं पुढे आली होती. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरच्या बाजूने मांडणी केली आणि ती टिकली. ही चर्चा शब्दांत सांगण्यापेक्षा वर्गाकडूनच करून घेता येते. पैठणभोवती दीडशे किलोमीटरच्या आसपासचं एक वर्तुळ काढायचं, कारण दहा दिवसांची वाट तेवढीच होते. दौलताबाद पैठणपासून जेमतेम पंचावन्न किलोमीटर, म्हणजे तीन दिवसांवर, तेही वायव्येला. कोल्हापूर सव्वातीनशेच्या पुढे, दक्षिणेला. जुन्नर मात्र मुलांना हटकून फसवतं, कारण अंतर बरोबर जुळतं. वर्तुळ जवळजवळ त्याच्यावरूनच जातं. पण जुन्नर पैठणच्या पश्चिमेला आहे आणि व्यापारी सांगतोय पूर्व. उरतं धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं तेर. अंतर दीडशे किलोमीटर, दिशा आग्नेय. नेमकी पूर्व नाही, पण सगळ्यांत जवळची. शिलाहार राजे पुढे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे तगर हे नाव पुढेही मानाचं राहिलं.

मुलं इथपर्यंत आली की मी कल्याणचं टिंब उमटवते आणि गप्प बसते.

पैठणहून कल्याण सरळ रेषेत अडीचशेच्या आत आहे, म्हणजे भरूचपेक्षा शंभर किलोमीटरने जवळ. तेरहून पैठणमार्गे भरूच गाठायचं तर पाचशे किलोमीटर होतात, तेच कल्याणला साडेतीनशेही नाहीत. वाटेत सह्याद्री आहे हे खरं, पण त्यातून उतरायला नाणेघाट होता. जुन्नरच्या बाजूने घाटमाथ्यावर पोचलं की आजही तिथे कोरलेली गुहा आहे, सातवाहन राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे आणि बाहेर दगडी रांजण आहे, ज्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. एवढी सोय असताना व्यापारी दहा दिवसांचा वळसा घालत होते. नकाशा इथे हात टेकतो. का, हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून दुसरी स्लाइड, कालरेषेची. उत्तर त्याच टिपणवहीत आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरं सांगताना लेखक म्हणतो, की थोरल्या सारगनसच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण पुढे ते संदनेसच्या हाती आल्यावर तिथला व्यापार अडवला गेला. तिथे चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भरूचला नेलं जातं. सारगनस हे सातकर्णी नावाचं ग्रीक रूप समजतात. दुसरीकडे भरूचच्या मुलखावर त्याने ज्या राजाचं नाव दिलं आहे, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते क्षहरात क्षत्रप नहपान. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात कल्याणची वाट बंद झाली होती आणि तेरची गाडी त्यामुळे उत्तरेला वळली होती.

त्या भांडणाचा पुरावा मुलांना हातात घेता येण्याइतका ठोस आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. स्लाइडवर असं एक नाणं मोठं करून दाखवलं, की एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याची खूण चढलेली स्पष्ट दिसते. कुणी जिंकलं हे मग मला सांगावं लागत नाही.

कालरेषेवर मी एक चूक बरीच वर्षं केली. प्रत्येक गोष्टीला एक साल आणि एक टिंब. नहपानाच्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षं आहेत, पण ती कुठल्या गणनेतली, यावर वाद आहे. इसवी सन ७८ पासूनचा शक धरला तर तो दुसऱ्या शतकात, ११९ ते १२४ मध्ये येतो. मग पहिल्या शतकातल्या व्यापाऱ्याने त्याचं नाव लिहिलंच कसं? त्यामुळे आज अनेक अभ्यासक नहपानाला मागे, पहिल्या शतकात नेतात. माझ्या जुन्या स्लाइडवर त्या व्यापाऱ्याचं पुस्तक आधी आणि त्यातला राजा साठ-सत्तर वर्षांनी नंतर, असा घोळ होता आणि तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता. आता मी टिंबांऐवजी पट्टे काढते. जिथे खात्री कमी तिथे पट्टा लांब आणि फिकट. खात्रीचं टिंब एकच, ७९ साल, व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडलं गेलं ते. तिथल्या एका घरात १९३८ मध्ये भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. म्हणजे ७९ च्या आधी असा माल इटलीपर्यंत पोचला होता.

या रेषेखाली मी अलीकडे आणखी एक रेषा जोडली, बारा महिन्यांची. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीवर घेऊन आपला किनारा गाठत आणि वारा फिरला की डिसेंबर-जानेवारीत परत जात. आता तेरच्या गाडीवानाचा हिशेब करा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी आसापर्यंत रुतते. वाट सुकल्यावर, दसऱ्यानंतर निघायचं म्हटलं तर महिनाभराच्या वाटेने तो नोव्हेंबरच्या मध्याला भरूचला पोचतो. जहाज सुटायला जेमतेम महिना उरतो. एक आस मोडला, एक बैल बसला, तर वर्षाचा माल पडून. हा हिशेब माझा, पुस्तकातला नाही, आणि स्लाइडवर मी तसं लिहिलंही आहे.

तिसरी स्लाइड मालाच्या तक्त्याची. एका बाजूला जाणारा माल, दुसऱ्या बाजूला येणारा. जाणाऱ्यात पैठणचे अकीक जातीचे दगड आणि तगरचं कापड, साधं भरपूर आणि तलम मलमलही. भरूचहून हस्तिदंत, पिंपळी, जटामांसी. येणाऱ्यात दारू (इटलीची जास्त पसंत), तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि सोन्याचांदीची नाणी. ती इथल्या नाण्यांत बदलली की नफा होई. दोन बाजू नुसत्या वाचून दाखवल्या तर मुलांना जांभया येतात. म्हणून मी तक्त्यात एक रकाना वाढवला: 'महिनाभर गाडीत परवडेल?' दगड आणि मलमल चटकन पास होतात, कारण वजन थोडं आणि किंमत मोठी. दारूची मातीची भांडी आतल्या मुलखात न्यायला मुलं तयार नसतात.

तरीही दख्खनच्या उत्खननांत अशा भांड्यांचे तुकडे मिळाल्याच्या नोंदी आहेत. मीही तशा एका खापराच्या फोटोखाली 'रोमन' लिहून मोकळी झाले होते. रोबेर्टा टोंबर यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की रोमन म्हणून नोंदलेली भारतातली बरीच खापरं खरं तर मेसोपोटेमियाकडच्या निमुळत्या भांड्यांची आहेत. ओळखायची खूण सोपी: आतून डांबराचा काळा थर. माझ्या फोटोत खापराची बाहेरचीच बाजू होती. फोटो काढून टाकला.

या तक्त्यात एक नोंद मी दोन वर्षं वगळली होती. भरूचच्या राजासाठी खास आणल्या जाणाऱ्या वस्तूंत चांदीची महागडी भांडी, उंची दारू, उत्तम अत्तरं, आणि त्यांच्याच ओळीत गाणारी मुलं आणि अंतःपुरासाठी देखण्या मुली. सहावीच्या मुलांपुढे हे कसं ठेवायचं, समजत नव्हतं. मग एकदा एका मुलाने घरी शोधून ते वाचलं आणि वर्गात विचारलं, "बाई, ही यादीत का नाहीत?"

आता ती ओळ स्लाइडवर आहे. तक्त्याच्या खाली, वेगळी. तिच्यापुढे 'परवडेल का' हा रकाना मी काढलेला नाही.