डर्मा रोलर आणि त्यावरचे सीरम

घरगुती डर्मा रोलरच्या सुया साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या असतात. त्या त्वचेच्या वरच्या थरातच शिरतात. त्यामुळे सीरम जास्त मुरते, पण मुरुमांचे खोल खड्डे भरण्याचा दावा फोलच. त्यासाठी डॉक्टर अधिक लांब सुया वापरतात.

खरा धोका त्या मुरण्यातच आहे. अखंड त्वचेला सोसणारे व्हिटॅमिन सीचे सीरम छिद्रांतून आत गेले की शरीर त्याला परके मानू शकते. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या नोंदींत, सुयांच्या उपचारात असे सीरम लावल्यावर चेहऱ्यावर लालसर गाठी उठल्याचे आढळते. त्या दिवशी बिनवासाचे साधे हायलुरॉनिक आम्लाचे जेल पुरे. रेटिनॉल दोन-तीन दिवस टाळावे. पिकलेल्या मुरुमांवर रोलर फिरवू नये, जंतू पसरतात. लाली दोन दिवसांत उतरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.