फोटोतली गाय देवणी की डांगी?

मोबाइलवर एक फोटो येतो. काळी-पांढरी बांडी गाय, खाली ओळ लिहिलेली: ‘अस्सल देवणी, दुसरं वेत’. बघणारा आधी रंग बघतो आणि रंगावरूनच मत बनवतो. गडबड नेमकी तिथेच होते, कारण ओळखीच्या चारही खुणांमध्ये रंग सर्वांत जास्त फसवतो. देवणीचा शेवरा प्रकार काळा-पांढरा असतो, डांगीही काळी-पांढरी असते आणि होल्स्टिन फ्रिजियन रक्ताची संकरित गायही तशीच दिसते. म्हणून फोटो वाचायचा तो उलट्या क्रमाने. आधी वशिंड, मग कपाळ आणि शिंगं, मग कान, आणि रंग अगदी शेवटी.

वशिंडाने जात कळत नाही. ते एवढंच सांगतं की गाय देशी वंशाची आहे की तिच्यात विदेशी रक्त मिसळलेलं आहे. देशी गाईच्या खांद्यावर, मानेच्या मुळाशी वशिंड उठून दिसतं आणि गळ्याखाली पोळी सैल लोंबत असते. जर्सी किंवा होल्स्टिनच्या गायीला वशिंड नसतं, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीची रेघ जवळपास सपाट जाते. संकरितात मधलं रूप दिसतं. पहिल्या पिढीत थोडा उंचवटा राहतो, विदेशी रक्त वाढत गेलं की तोही जातो आणि पोळी आखडते. वशिंड बघताना नर की मादी हे मात्र आधी ठरवावं. वळूचं वशिंड मोठं आणि भरदार असतं, गायीचं लहान, आणि लहान वयात खच्ची केलेल्या बैलाचं वळूइतकं वाढत नाही. गायीचं वशिंड वळूच्या मापाने मोजलं तर चांगली देशी गायही संकरित ठरेल.

आता कपाळ आणि शिंगं. इथे जातींमधला फरक सर्वांत स्पष्ट आहे. सौराष्ट्रातल्या गीरचं कपाळ पुढे फुगीर आणि रुंद असतं. शिंगं मुळापासून आधी खाली आणि मागे जातात, मग वर आणि पुढे वळतात. देवणीच्या घडणीत गीर आणि डांगी या दोन्हींचं रक्त मानलं जातं, त्यामुळे तिचंही कपाळ उठावदार असतं, पण गीरइतकं फुगीर नाही. तिची शिंगं मध्यम लांबीची, बाजूला निघून वर वळणारी. डांगीची शिंगं आखूड आणि जाड. खिलारची मात्र दुरूनही ओळखू येतात. दोन्ही शिंगांची मुळं जवळजवळ असतात, तिथून ती कपाळाच्या उताराबरोबर मागे जातात आणि लांब वळण घेऊन वर निमुळती होतात. विदर्भातली गवळाऊ खिलारसारखीच पांढुरकी असते, पण तिची शिंगं आखूड आणि बोथट. रंग एकच असला तरी शिंगांकडे पाहिलं की दोघी वेगळ्या होतात.

शिंगांबाबत एक सावधगिरी हवी. आपल्याकडे शिंगं साळतात, रंगवतात, शेंब्या बसवतात. साळलेल्या शिंगाची जाडी कमी दिसते आणि टोकाचं वळण बदलतं. म्हणून टोकाकडे कमी, मुळाकडे जास्त बघावं. शिंग डोक्यातून कोणत्या दिशेला निघालंय, ते साळून बदलत नाही.

कान ही फोटोतली सर्वांत विश्वासाची खूण आहे, कारण कान कोणी साळत नाही. गीरचे कान लांब, लोंबते आणि सुरळी केलेल्या पानासारखे दुमडलेले असतात, टोकाशी खाच असते. देवणीचे कानही लांब आणि लोंबते, पण ती गीरची सुरळी तिच्यात नसते. लाल कंधारीचे कानही बाजूला लांब लोंबतात. डांगीचे कान लहान. खिलारचे लहान, टोकदार आणि बाजूला ताठ. फोटो काढताना कोणी टाळी वाजवली तर गाय कान टवकारते आणि लोंबते कानही क्षणभर आडवे दिसतात. म्हणून एका फोटोवर विसंबू नये.

मग तो काळा-पांढरा फोटो पुन्हा उघडू. पाठीची रेघ बघितली तर खांद्यावर छोटासा, चपटा उंचवटा आहे, पोळी बारीक आहे. कपाळ सपाट. कान मध्यम आणि आडवे, लोंबते नाहीत. कास मोठी आहे आणि पाठ लांब. चार खुणांपैकी तीन देवणीच्या विरुद्ध जातात, फक्त रंग तिच्याशी जुळतो. ही गाय बहुधा होल्स्टिन संकरित आहे. याच फोटोत कान लहान, शिंगं आखूड-जाड आणि वशिंड ठळक असतं, तर मी आधी डांगीकडे वळलो असतो. मग गाय कुठली आहे, हे विचारलं असतं. इगतपुरी-अकोल्याच्या पावसाळी डोंगराळ भागातली म्हटली तर अंदाजाला बळ मिळतं. त्या भागाच्या पावसाला डांगी टिकते ती कातडीतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावामुळे. आणि कान लांब लोंबते, कपाळ उठावदार, पाठीवर ठळक वशिंड असतं, तर तीच रंगसंगती देवणीचा शेवरा ठरली असती. देवणीत आणखी दोन प्रकार आहेत. पूर्ण पांढरी ती बालंक्या, आणि अंग पांढरं पण तोंडावर काळा रंग असलेली ती वानेरा. म्हणजे ‘पांढरी आहे, म्हणून देवणी नाही’ हेही चूक.

रंगाचा उपयोग होतो तो शेवटी, खात्री करायला. लाल कंधारीत तो एकसारखा गडद तांबडा असतो आणि वळू गायीपेक्षा गडद. अंगावर पांढरे मोठे ठिपके दिसले तर कान आणि कपाळ पुन्हा तपासावं, कदाचित गीर असेल. रंग वयाबरोबरही बदलतो. खिलारचं वासरू जन्मतं तेव्हा डोक्यावर तांबूस रंग असतो, तो दोन-तीन महिन्यांत जातो. खिलारच्या वळूचे खांदे आणि मागचे पाय काळपट राखाडी असतात, गायी मात्र फिकट पांढऱ्या. नुसता वासराचा फोटो बघून ‘रंग खिलारचा नाही’ म्हणणारे यात फसतात.

फोटो कसा काढला यावरही बरंच ठरतं. मोबाइल तोंडाजवळ धरला की भिंग जवळचं मोठं करतं, कपाळ आणि थूथन फुगतं, कान मागे जातात. तेव्हा साध्या कपाळाची गायही गीर वाटते. दोन फोटो मागवावेत. एक बाजूने, गाय सपाट जागी उभी, मोबाइल तिच्या खांद्याच्या उंचीला आणि चार-पाच पावलं लांब. दुसरा समोरून, तेवढ्याच अंतरावरून. पुढचे पाय चढावर असले तर वशिंडही मोठं वाटतं.

एवढं करूनही फोटोवरून ‘अमुक जातीसारखी’ इतकंच म्हणता येतं. देशातल्या बहुसंख्य देशी गायी गावरान आहेत, त्या कोणत्याच नोंदणीकृत जातीच्या वर्णनात बसत नाहीत. देवणीच्या कानाची, डांगीच्या रंगाची गाय गावोगावी सापडते, कारण वळू फिरतात. म्हणून घेणाऱ्याने गायीबरोबर तिच्या आईचा आणि आधीच्या वेताच्या वासरांचे फोटोही मागवावेत. त्या भावंडांत एकाचं वशिंड ठळक आणि दुसऱ्याचं जवळजवळ नाही, एकाचे कान लोंबते आणि दुसऱ्याचे आडवे, असं दिसलं की ‘अस्सल’ म्हणून जी जास्तीची किंमत सांगितली आहे, ती देऊ नये.